‘मी डोलकर’ कुणाला विचारून गायचं?

ऐरोलीच्या खाडीकडच्या बाजूला दिवा कोळीवाडा आहे. वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्रही याच टोकाला असल्यामुळे रोहित पक्षी पाहायला येणारी माणसं हल्ली इकडे वळतात. सिडकोचे सेक्टर नंतर आले. आगरी-कोळ्यांची गावठाणं त्यांच्या कितीतरी आधीची. इथल्या हळदीत, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत बँडवर जी गाणी वाजतात, त्यांत ‘मी डोलकर’ हमखास असतं. लहान मुलांनाही ते पाठ असतं. ते कुणी लिहिलं, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘आपलं कोळ्यांचं पारंपरिक गाणं आहे.’

ते पारंपरिक नाही. शब्द शान्ता शेळके यांचे आहेत, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आणि ते गाजलं लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्या आवाजात, एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रिकेवरून. शेळके यांचं निधन ६ जून २००२ रोजी झालं. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं त्याच्या शब्दांवरचा हक्क टिकतो. म्हणजे या गाण्याचे शब्द २०६२ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे आहेत. चाल तर त्याहूनही पुढे जाणार, कारण ही मोजणी संगीतकाराच्या हयातीनंतर सुरू होते.

आता समजा, ऐरोलीतल्या एका तरुण गायिकेनं हे गाणं नव्या वाद्यमेळात गायचं ठरवलं. घरात एक चांगला माइक आहे, ओळखीचा अरेंजर आहे, ओळखीच्याच स्टुडिओत मिक्सिंग होईल. गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन अशा सगळ्या ठिकाणी टाकायचं आहे. वितरकाच्या संकेतस्थळावर खातं उघडायला फार वेळ लागत नाही आणि फाइल चढवायला त्याहून कमी. अडचण आहे ती फाइल चढवण्याआधीच्या कागदांची, आणि नेमकं तिथंच बहुतेक होतकरू गायक चुकतात.

एक गाणं, तीन मालमत्ता

कानाला एकच वाटणारं गाणं १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तीन वेगळ्या वस्तूंमध्ये मोडतं. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती. तिच्या व्याख्येत शब्द मुद्दाम वगळलेले आहेत. आणि स्टुडिओत गाऊन-वाजवून तयार झालेली ती विशिष्ट नोंद म्हणजे ध्वनिमुद्रण. या तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि तिन्हींची मुदत वेगळी चालते. शब्द आणि चाल आपापल्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तर ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं.

कव्हर गाणारी गायिका मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावत नाही. ती नव्यानं गाते, नव्यानं वाजवून घेते. त्यामुळे लतादीदींच्या त्या नोंदीचा मालक कोण, हा प्रश्न तिला आड येत नाही, आणि मूळ गायकाची परवानगी घेण्याचाही प्रश्न नाही. मात्र शब्द आणि चाल ती जशीच्या तशी वापरते. म्हणून तिला दोन परवानग्या लागतात, एक शब्दांची आणि एक चालीची. दोन्ही एकाच मालकाकडे असतील तर एका कागदात काम होतं. नसतील तर दोन दारं ठोठावावी लागतात.

मूळ नोंदीला हात लावला नाही, हे विधान मात्र काटेकोर खरं असायला हवं. सुरुवातीचा तेवढाच व्हायोलिनचा तुकडा जुन्या रेकॉर्डवरून उचलला, तर तिसरी परवानगी लागते. नवी मुंबईत कराओके क्लब चालवणाऱ्या आणि तिथं गाणाऱ्या मंडळींच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. इंटरनेटवरून घेतलेला मायनस ट्रॅक हेही कुणीतरी केलेलं ध्वनिमुद्रण आहे. सभागृहात त्यावर गायला मिळालं म्हणजे त्यावर आवाज चढवून तो विकायला मिळाला, असं नाही. ट्रॅक विकणारा बहुधा फक्त घरगुती किंवा मंचावरच्या वापरापुरताच तो देतो. प्रकाशनासाठी त्याच्याकडून वेगळं लेखी पत्र हवं, नाहीतर ट्रॅक स्वतःच वाजवून घ्यायला हवा. बरं, ट्रॅकवाल्यानं परवानगी दिली तरी शब्द-चालीची परवानगी उरतेच. ती त्याच्या हातात नसते.

कॅसेटच्या काळातली वाट

‘आम्ही तर ऐकलंय की कव्हरला परवानगी लागतच नाही, नुसती नोटीस द्यायची,’ असं स्टुडिओंमध्ये सर्रास ऐकू येतं. ही समजूत हवेतून आलेली नाही. तिच्यामागे कॅसेटच्या धंद्याचा इतिहास आहे.

जुन्या कायद्यात कलम ५२ मध्ये एक सवलत होती. एखाद्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मालकाच्या संमतीनं एकदा निघाली, की ठरावीक काळानंतर दुसऱ्या कुणालाही नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून त्याच गाण्याची आपली ध्वनिमुद्रिका काढता येत असे. १९८०च्या दशकात गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजनं या सवलतीवर मोठा व्यवसाय उभा केला. जुन्या हिंदी चित्रपटगीतांचे हक्क एचएमव्हीकडे होते आणि त्यांच्या कॅसेट महाग होत्या. टी-सीरिजनं तीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात बाजारात आणली. सोनू निगमसारखे गायक रफींची गाणी गात याच वाटेनं लोकांपर्यंत पोचले.

भांडण पेटलं ते वेष्टनावरून. ‘हम आप के हैं कौन’च्या गाण्यांची मूळ कॅसेट ग्रामोफोन कंपनीची होती. टी-सीरिजची मालक सुपर कॅसेट्स हिनं त्याच गाण्यांची व्हर्शन कॅसेट काढली आणि तिचं नाव व रूप मूळ कॅसेटशी मिळतंजुळतं ठेवलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये न्यायालयानं सुपर कॅसेट्सला ते नाव आणि ती सजावट वापरायला मनाई केली, आणि ही मूळ ध्वनिमुद्रणं नसून वेगळ्या कलाकारांच्या आवाजातली व्हर्शन आहेत, हे ठळकपणे छापायला सांगितलं. दुकानात कॅसेट हातात घेणाऱ्या माणसाची फसगत होऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

२०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. जुनी सवलत काढून टाकली गेली आणि तिच्या जागी कलम ३१-सी आलं. कव्हरसाठी ‘वैधानिक परवाना’ देणारं हे कलम आजही लागू आहे. मालकानं हो म्हणण्याची वाट त्यात पाहावी लागत नाही. पण त्याच्या अटी वाचल्यावर, ते कुणासाठी लिहिलं गेलं हे लगेच लक्षात येतं.

पहिली अट काळाची. मूळ गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यावर पाच पूर्ण कॅलेंडर वर्षं जायला हवीत. ‘सैराट’ची गाणी २०१६ची धरली, तर २०२१ संपेपर्यंत त्यांचं कव्हर या कलमाखाली करता येत नव्हतं. ‘मी डोलकर’ला ही अट कधीच ओलांडून झाली आहे.

दुसरी अट नोटिशीची. २०१३च्या नियमांनुसार कव्हर करण्याच्या किमान १५ दिवस आधी मालकाला आणि कॉपीराइट निबंधकांना लेखी सूचना द्यायची, वेष्टनाचा नमुना आधी द्यायचा आणि रॉयल्टीही आगाऊ भरायची.

तिसरी अट वेष्टनाची. मूळ गायकाचं नाव, त्याचा फोटो किंवा चित्रपटाचा उल्लेख त्यावर येता कामा नये, आणि ही कव्हर आवृत्ती आहे असं त्यावर लिहिलेलं असावं. १९९५च्या त्या वादातला धडा इथं कायद्यातच उतरला आहे.

चौथी अट बदलांची. मूळ मालकाच्या संमतीनं आधी कधी झालेला नाही आणि ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यकही नाही, असा कोणताही बदल शब्दांत किंवा चालीत करायचा नाही.

आणि पाचवी अट, जी छोट्या गायकाला जमिनीवर आणते. ज्या वर्षी प्रती निघतील, त्या प्रत्येक वर्षी, प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. दर प्रतीला नुसते ५० पैसे धरले तरी ही रक्कम २५,००० रुपये होते. गाणं पाचशे जणांनी ऐकलं तरीही. एखाद्या भाषेचा किंवा बोलीचा प्रसार कमी असेल तर ही किमान संख्या खाली आणण्याचा अधिकार कायद्यानं कॉपीराइट बोर्डाला दिला होता. पुढे बोर्डाचं काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं, आणि २०२१ मध्ये ते मंडळही बंद होऊन न्यायालयांकडे आलं. मराठी किंवा आगरी गाण्यासाठी कमी संख्या मागायला ऐरोलीची गायिका न्यायालयात जाणार, हे व्यवहारात बसत नाही.

मुळात स्ट्रीमिंगमध्ये प्रती कशा मोजायच्या? वेष्टन कुठलं? कलमातली भाषा प्रती, वेष्टन आणि विक्रीची आहे. ती कॅसेट आणि सीडीच्या कारखान्यासाठी लिहिली गेली. स्ट्रीमिंगवर एकच फाइल सर्व्हरवर असते आणि ऐकणारा ती तिथूनच ऐकतो. या व्यवहारात ‘लोकांपर्यंत पोचवणं’ हा एक वेगळा हक्क गुंततो. ध्वनिमुद्रण बनवण्याच्या हक्काहून तो निराळा आहे.

मुंबईतला एक निकाल

वैधानिक परवान्याच्या आधारानं इंटरनेटवर जाता येईल का, याची मोठी परीक्षा मुंबई उच्च न्यायालयात झाली. ती कव्हरची नव्हती, पण तिचा धडा कव्हर करणाऱ्यांनाही लागू पडतो.

टिप्स या कंपनीची गाणी एअरटेलच्या विंक या अ‍ॅपवर होती. परवान्याच्या रकमेवरून बोलणी फिसकटली, तेव्हा विंकनं कलम ३१-डीचा आधार घेतला. हे कलम प्रसारकांना ठरावीक रॉयल्टी भरून गाणी वाजवायची मुभा देतं. विंकचं म्हणणं होतं की इंटरनेटवरून गाणी पोचवणं हेही प्रसारणच. न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी २३ एप्रिल २०१९ रोजी ते नाकारलं. ती मुभा रेडिओ आणि टीव्हीपुरती आहे, इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला आणि डाउनलोडला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानंही तो कायम ठेवला.

एअरटेलसारख्या कंपनीलाही वैधानिक परवान्याच्या आडोशानं स्ट्रीमिंग करता आलं नाही. मग प्रती आणि वेष्टनाच्या भाषेत लिहिलेल्या ३१-सीवर विसंबून एकट्या गायिकेनं गाणं जगभरच्या अ‍ॅपवर टाकणं ही मोठी जोखीम आहे. सुरक्षित रस्ता एकच उरतो, तो म्हणजे मालकाकडून ऐच्छिक, लेखी परवाना. कायद्याचं कलम ३० परवाना लेखी असावा असंच म्हणतं. फोनवरचं ‘गा की, काय हरकत आहे’ हे प्रेमाचं वाक्य परवान्याच्या जागी चालत नाही.

पत्र कुणाला आणि कशाचं

मालक शोधणं हे पहिलं काम. त्याची सुरुवात गाण्याच्या श्रेयनामांपासून होते. गीतकार कोण, संगीतकार कोण, पहिली ध्वनिमुद्रिका कुणी काढली. ‘मी डोलकर’ एचएमव्हीचं असल्यामुळे पहिलं पत्र सारेगामाकडे जातं. कोलकात्याच्या डमडममध्ये कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया हीच एचएमव्ही, आणि २००० पासून तिचं नाव सारेगामा आहे.

पण लेबलकडे ध्वनिमुद्रण आहे म्हणजे शब्द आणि चालही त्याच्याकडेच आहेत, असं धरून चालू नये. चित्रपटगीतांत निर्मात्याकडून हे हक्क बहुधा लेबलकडे आलेले असतात. भावगीतं, कोळीगीतं, भीमगीतं अशा चित्रपटाबाहेरच्या गाण्यांत मात्र कवी-संगीतकारांनी केलेले जुने करार वेगवेगळे असतात. म्हणून पत्रात थेट विचारावं, ‘या गाण्याचे शब्द आणि चाल या दोन्हींचे ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्याकडे आहेत का?’ लेबल म्हणालं, ‘फक्त चाल आमची,’ तर शब्दांसाठी कवीच्या वारसांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे जावं लागतं.

दुसरं पत्र इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीला, म्हणजे आयपीआरएसला. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांची आहे. २०१७ च्या अखेरीस तिची कॉपीराइट संस्था म्हणून पुन्हा नोंदणी झाली. गाणं तिच्या यादीत कुणाच्या नावानं आहे हे तपासता येतं आणि तिथूनच बऱ्याचदा खरा मालक समजतो. स्ट्रीमिंग कंपन्या शब्द-चालीसाठी आयपीआरएसकडे पैसे भरतात हेही खरं. पण तेवढ्यावरून ‘अ‍ॅपनं भरलंय, म्हणजे माझं झालं’ असं मानणं धोक्याचं आहे. अ‍ॅपचा परवाना अ‍ॅपच्या वापरासाठी आहे. गायिकेनं नवं ध्वनिमुद्रण बनवण्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे लेखी हवं.

पत्रात काय मागायचं हे नेमकं लिहिलं नाही, तर उत्तरही मोघमच येतं. ऐरोलीच्या गायिकेचं पत्र साधारण असं असावं: ‘गीत मी डोलकर, गीतकार शान्ता शेळके, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर. या गाण्याचं एक नवं ध्वनिमुद्रण मी माझ्या आवाजात करणार आहे. मूळ ध्वनिमुद्रणातला कोणताही भाग वापरणार नाही. शब्द व चाल न बदलता फक्त वाद्यमेळ नवा असेल. हे ध्वनिमुद्रण सर्व स्ट्रीमिंग सेवांवर, जगभर, पाच वर्षांसाठी उपलब्ध ठेवण्याचा परवाना मिळावा. यूट्यूबसाठी व्हिडिओही करायचा आहे, त्याची परवानगी स्वतंत्रपणे मागत आहे. रक्कम एकरकमी की उत्पन्नातला वाटा, आणि किती, ते कळवावं.’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ‘जगभर’ लिहिलं नाही तर परवाना भारतापुरता मानला जाऊ शकतो, आणि अ‍ॅप मात्र गाणं दुबईतही वाजवतं. मुदत लिहिली नाही तर पुढे वाद होतो. व्हिडिओचा उल्लेख वेगळा करायचं कारण म्हणजे चित्राबरोबर गाणं जोडण्याचा हक्क नुसत्या ध्वनिमुद्रणाहून वेगळा मानला जातो आणि त्याचे पैसेही वेगळे मागितले जातात. बदलाचा उल्लेख तर सगळ्यांत महत्त्वाचा. मधे चार ओळींचं रॅप घालायचं असेल, आगरी बोलीत एक नवं कडवं जोडायचं असेल, तर ते आधीच सांगायला हवं. ते कव्हर राहत नाही, मूळ कृतीत केलेला फेरफार होतो. त्याखेरीज कलम ५७ कवीला आणि संगीतकाराला असा हक्क देतं की आपल्या कृतीची मोडतोड होऊन आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागला, तर हक्क विकलेले असले तरीही त्यांना हरकत घेता येते.

लेबलचं उत्तर तीनपैकी एक असतं. रक्कम सांगून परवाना. आमच्याच चॅनलवर, आमच्या नावानं प्रसिद्ध करू, असा प्रस्ताव. किंवा मौन. तिसऱ्याचा अर्थ होकार घेऊ नये. दुसऱ्या प्रस्तावात गाणं कायदेशीर होतं, पण नव्या ध्वनिमुद्रणाची मालकीही बहुधा लेबलकडे जाते. सही करण्याआधी ते वाचून घ्यावं.

विनापरवाना गाण्याचं काय होतं

कागद नसताना गाणं टाकलं तर काय बिघडतं? पहिली गोष्ट लगेच दिसते. मालकानं अ‍ॅपला लेखी तक्रार दिली, की २०१३च्या नियमांप्रमाणे ३६ तासांच्या आत ती फाइल काढून टाकण्याची तरतूद आहे. मालकानं न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर २१ दिवसांनी ती परत उपलब्ध करता येते. पण तोवर प्रकाशनाचे महत्त्वाचे दिवस गेलेले असतात. शिवाय वितरक आपल्या नियमानुसार पैसे अडवतो, आणि पुन्हापुन्हा तक्रारी आल्या तर खातंच बंद करतो. त्या खात्यावरची गायिकेची स्वतःची, स्वतंत्र गाणीही मग त्यात अडकतात.

दुसरी गोष्ट उशिरा कळते, आणि ती जास्त दुखते. कायद्याचं कलम १३ सांगतं की दुसऱ्याच्या शब्दांचा किंवा चालीचा हक्क डावलून बनवलेल्या ध्वनिमुद्रणावर मुळात कॉपीराइटच उत्पन्न होत नाही. म्हणजे आवाज तिचा, खर्च तिचा, मेहनत तिची, तरी उद्या कुणी तिचं कव्हर उचलून दुसऱ्या चॅनलवर टाकलं, तर ‘हे माझं आहे’ म्हणून ध्वनिमुद्रणाच्या मालकीचा दावा ती करू शकत नाही. परवान्याचा कागद मालकाला खूश ठेवण्यापुरता नाही. तिच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाला मालकी मिळते ती त्याच कागदामुळे.

यूट्यूबचा अनुभव इथं दिशाभूल करतो. तिथं कॉन्टेंट आयडी ही यंत्रणा नुसतं ध्वनिमुद्रणच नाही, तर चालही ओळखते. कव्हर ओळखलं की मालक क्लेम करतो, व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. त्यामुळे गायकांना वाटतं की गाणं चालतंय, म्हणजे परवानगी आहे. प्रत्यक्षात मालकानं त्या दिवशी व्हिडिओ राहू दिला, एवढंच झालेलं असतं. उद्या तो धोरण बदलून काढायलाही सांगू शकतो. आणि ही सोय स्पॉटिफाय किंवा जिओसावनवर जशीच्या तशी लागू नाही. तिथं वितरकाच्या अर्जातच गायिका लिहून देते की आवश्यक हक्क माझ्याकडे आहेत. ते विधान खोटं ठरलं तर जबाबदारी तिची.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून ऐकलेले सल्लेही इथं उपयोगी पडत नाहीत. तिथं कलम ११५ खाली कव्हरसाठी सक्तीचा परवाना आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून स्ट्रीमिंग कंपन्या मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह या संस्थेमार्फत सरसकट परवाना घेतात. न्यूजर्सीतल्या गायिकेनं तिथल्या श्रोत्यांसाठी गाणं टाकलं, तर त्या देशापुरता बराचसा प्रश्न मिटतो. पण तो परवाना अमेरिकेच्या सीमेपर्यंतच. काही परदेशी वितरक जास्तीचे पैसे घेऊन ‘कव्हर लायसन्स’ देतात, तेही बहुधा त्याच परवान्याचं रूप असतं. ऐरोलीत बनलेल्या आणि भारतात ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला त्यानं भारतीय हक्क मिळत नाहीत.

परवान्याशिवाय गाता येतील अशी गाणी

ज्यांना इतका पत्रव्यवहार झेपत नाही, त्यांच्यासाठी जुन्या मराठी गाण्यांत मोठा खजिना मोकळा आहे. पण तो तपासताना शब्द आणि चाल स्वतंत्रपणे तपासावी लागते, आणि गफलत नेमकी इथंच होते.

तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत. पण लताबाईंनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’ची चाल श्रीनिवास खळे यांची, आणि खळे यांचं निधन २ सप्टेंबर २०११ रोजी झालं. त्या चाली २०७१ संपेपर्यंत हक्काच्या आहेत. शब्द घेऊन स्वतःची चाल लावा, कुणालाही विचारावं लागणार नाही. खळेकाकांची चाल घेतली, तर मात्र विचारावं लागेल. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या ओव्यांचे शब्दही आता मोकळे आहेत. त्या कवितांना संगीतकारांनी दिलेल्या प्रसिद्ध चालींची मुदत ज्या त्या संगीतकाराच्या तारखेवर ठरते.

नाट्यसंगीतात दोन्ही गोष्टी मोकळ्या असलेली पदं सापडतात. ‘मानापमान’चे शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, त्यांचं निधन १९४८ मध्ये झालं. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, ते १९५५ मध्ये गेले. दोघांचीही मुदत संपली आहे. ‘स्वयंवर’चं संगीत भास्करबुवा बखले यांचं, तेही १९२२ मध्ये गेले. या पदांचं नवं ध्वनिमुद्रण गायक बिनघोर प्रसिद्ध करू शकतो. उलट ‘कट्यार काळजात घुसली’चं संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं. ते ७ नोव्हेंबर १९९८ रोजी गेले, म्हणून २०५८ अखेरपर्यंत परवाना लागतोच. दोन्ही नाट्यसंगीतच, पण कायद्याच्या नजरेत अंतर मोठं.

ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, आणि एप्रिल व डिसेंबरमध्ये नवी मुंबईत भीमगीतांचे कार्यक्रम होतात. तिथली गाणीही ‘समाजाची’ म्हणून बिनदिक्कत ध्वनिमुद्रित होतात. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. त्यांचे शब्द २०६४ संपेपर्यंत हक्काचे आहेत. वामनदादांच्या बाबतीत परवान्याइतकीच महत्त्वाची बाब श्रेयाची आहे. अपलोडच्या अर्जात गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिलं, की शब्दांच्या रॉयल्टीचा धागा तिथंच तुटतो. अ‍ॅपनं आयपीआरएसला पैसे दिले तरी ते कुणाच्या नावावर टाकायचे हे कुणाला कळत नाही.

अपलोडचा दिवस

कागद हातात आल्यावरचं काम सोपं आहे, पण तेही नीट करावं. अर्जात ‘कव्हर’ हा पर्याय निवडावा. गीतकार आणि संगीतकारांची खरी, पूर्ण नावं वेगवेगळ्या रकान्यांत भरावीत. गाण्याच्या नावात किंवा चित्रात मूळ गायकाचं नाव घालू नये. नव्या ध्वनिमुद्रणाला नवा आयएसआरसी क्रमांक लागतो. मूळ गाण्याचा क्रमांक तिथं टाकला तर आकडे आणि पैसे दोन्ही चुकीच्या ठिकाणी जातात. स्टुडिओवाला, अरेंजर आणि वादक यांच्याकडून ध्वनिमुद्रणाचा निर्माता कोण हे लेखी ठरवून घ्यावं, कारण कायदा ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याला निर्माता मानतो आणि त्यावरून पुढे भांडणं होतात. परवान्याची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि पत्रव्यवहार एका फोल्डरमध्ये ठेवावा. वितरक कधीही मागू शकतो, आणि मागितल्यावर वेळेत देता आली नाही तर गाणं उतरू शकतं.

नव्या गायकांना एवढंच सांगणं आहे. पुढचं कव्हर ठरवताना स्टुडिओची वेळ घेण्याआधी गीतकार आणि संगीतकाराची नावं शोधा, ते कधी गेले ते पाहा, आणि मुदत संपलेली नसेल तर त्याच आठवड्यात दोन्ही पत्रं पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात रियाज होतो. पारंपरिक म्हणून मनात धरलेल्या प्रत्येक गाण्याच्या बाबतीत हे आधी करा, कारण शान्ताबाईंसारख्या कवयित्रींची नावं आपल्याच गाण्यांवरून पुसली जाताहेत, आणि ती परत लिहिण्याची पहिली संधी अपलोडच्या त्या अर्जात तुमच्याच हाती असते.